व्होल्टमापकाचा भार-परिणाम

विद्युत परिपथातील दोन बिंदूंमध्ये व्होल्टमापक जोडल्यावर त्यातून थोडी धारा वाहू लागते, या धारेमुळे त्या बिंदूंमधील विभवांतर स्वतःच उतरते आणि मापक ते उतरलेले विभवांतर दाखवतो, या घटनेला व्होल्टमापकाचा भार-परिणाम म्हणतात. प्रयोगशाळेत आणि दुरुस्तीच्या कामात ‘लोडिंग इफेक्ट’ किंवा नुसते ‘लोडिंग’ असेच म्हटले जाते. आदर्श व्होल्टमापकाचा रोध अनंत मानतात. प्रत्यक्षातल्या मापकाचा रोध काही हजार ओहमपासून काही मेगाओहमपर्यंत असतो आणि परिपथाचा रोध त्याच्या जवळपास पोहोचला की वाचनात मोठी त्रुटी येते. ही त्रुटी मापक बिघडल्यामुळे किंवा त्याचे अंशांकन चुकल्यामुळे येत नाही. मापकाचे वाचन त्या क्षणीच्या विभवांतराशी तंतोतंत जुळत असते; फक्त मापक काढून घेतल्यावर ते विभवांतर तेवढे राहत नाही. म्हणून कमी रोधाच्या मापकाऐवजी तेवढ्याच रोधाचा, पण अधिक अचूक मापक आणल्याने ही त्रुटी जात नाही.

एक साधा परिपथ घेऊन हे पाहता येते. ९ व्होल्टच्या बॅटरीला १०० किलोओहमचे दोन रोधक एकसर जोडले, तर प्रत्येकावर ४.५ व्होल्ट विभवांतर असते. आता काट्याचा मल्टिमीटर १० व्होल्टच्या रेंजवर ठेवून त्यांपैकी एका रोधकाला समांतर जोडू. अशा बऱ्याच मीटरांत काटा शेवटच्या रेघेपर्यंत नेण्यास ५० मायक्रोअँपिअर धारा लागते. त्यामुळे मीटरचा रोध रेंजच्या प्रत्येक व्होल्टमागे २०,००० ओहम, म्हणजे या रेंजवर २०० किलोओहम असतो. १०० आणि २०० किलोओहम समांतर आले की त्यांचा परिणामी रोध ६६.७ किलोओहम होतो. बॅटरीचे ९ व्होल्ट आता १०० आणि ६६.७ किलोओहममध्ये वाटले जातात आणि मीटर ४.५ ऐवजी ३.६ व्होल्ट दाखवतो. त्रुटी सरळ २० टक्के आहे. मीटर दुसऱ्या रोधकावर नेला तर तिथेही ३.६ व्होल्टच मिळतात. दोन वाचनांची बेरीज ७.२ व्होल्ट येते आणि बॅटरीवर मात्र तोच मीटर ९ व्होल्ट दाखवतो, कारण बॅटरीचा अंतर्गत रोध फार कमी असतो. एकसर जोडणीतील विभवांतरांची बेरीज पुरवठ्याच्या विभवांतराएवढी न भरणे ही लोडिंगची सर्वांत सोपी खूण आहे.

हीच गोष्ट सूत्रात मांडायची, तर मापक जोडलेल्या दोन बिंदूंतून परिपथाकडे पाहिल्यावर जो रोध दिसतो तो Rs, मापकाचा रोध Rm आणि मापक नसतानाचे विभवांतर V0 मानतात. मग वाचन असे येते:

V = V0 × Rm / (Rm + Rs)

वरच्या उदाहरणात बॅटरीच्या जागी तिचा जवळजवळ शून्य असलेला अंतर्गत रोध धरला, तर ते दोन्ही रोधक मापकाच्या दृष्टीने समांतर येतात आणि Rs ५० किलोओहम होतो. ५० आणि २०० च्या बेरजेत ५० चा वाटा २० टक्के, तेवढीच त्रुटी. नेमक्या या जागी विद्यार्थ्यांची गल्लत होते. ज्या रोधकावर मापक लावला त्याचाच रोध मापकाच्या रोधाशी ताडून पाहण्याची सवय असते, पण महत्त्व आहे ते दोन बिंदूंमधून दिसणाऱ्या एकूण रोधाला. १ मेगाओहमचा एकटा रोधक थेट बॅटरीच्या अग्रांना जोडला असेल, तर त्यावर २०० किलोओहमचा मापक लावूनही वाचन जवळजवळ अचूक येते, कारण बॅटरी जादा धारा सहज पुरवते. उलट तोच रोधक दुसऱ्या मोठ्या रोधामागे असेल, तर वाचन कोसळते. मापकाचा रोध Rs च्या दहापट असला की पुरे, असा एक ढोबळ नियम सांगितला जातो, पण तो फारच सैल आहे. दहापटीवरही वाचन सुमारे ९ टक्के कमी येते. त्रुटी १ टक्क्यात ठेवायची, तर शंभरपट रोध धरावा लागतो.

काट्याच्या मीटरचा रोध रेंजबरोबर बदलतो, आणि त्यामुळे लोडिंगची दुसरी खूण मिळते. वरच्याच परिपथात मीटर ५० व्होल्टच्या रेंजवर नेला तर त्याचा रोध १ मेगाओहम होतो आणि वाचन सुमारे ४.२९ व्होल्टवर चढते. रेंज बदलताच वाचन बदलले, तर लोडिंगचा संशय घ्यावा. मात्र ४.२९ हे ४.५ च्या जवळ आहे म्हणून मोठी रेंज नेहमीच बरी, असा निष्कर्ष काढता येत नाही. अशा मीटरची अचूकता पूर्ण रेंजच्या टक्क्यांत दिलेली असते. ती ३ टक्के असेल तर ५० व्होल्टच्या रेंजवर दीड व्होल्टपर्यंत चूक संभवते, म्हणजे एक त्रुटी कमी करताना दुसरी वाढते. ब्रिटिश बनावटीचा ‘अॅव्हो मॉडेल ८’ आणि अमेरिकन ‘सिम्प्सन २६०’ हे दोन्ही नावाजलेले मीटर दिष्ट विभवांतरासाठी व्होल्टमागे २०,००० ओहमचेच होते. व्हॉल्व्हच्या रेडिओंच्या दुरुस्ती-पत्रकांत ठिकठिकाणची विभवांतरे देताना ती कोणत्या मीटरने मोजली हे अनेकदा नमूद केलेले असे. व्होल्टमागे १,००० ओहमच्या मीटरने तयार केलेले पत्रक समोर ठेवून आज डिजिटल मीटरने मोजले, तर मोठ्या रोधाच्या जागी पत्रकापेक्षा जास्त आकडे येतात आणि धडधाकट रेडिओत दोष शोधला जातो.

डिजिटल मल्टिमीटरमध्ये हा प्रश्न बराच सौम्य होतो, पण मिटत नाही. बहुतेक चांगल्या हातातल्या मीटरांचा रोध दिष्ट विभवांतराच्या सर्व रेंजवर १० मेगाओहमच्या आसपास असतो, तर ८३० मालिकेतील स्वस्त मीटरांचा १ मेगाओहम असतो. रोध सगळ्या रेंजवर सारखा असल्यामुळे रेंज बदलून संशय तपासण्याची सोय इथे उरत नाही, आणि पडद्यावर दोन-तीन दशांश स्थळांपर्यंत आकडा दिसत असल्याने तो खरा मानण्याकडे कल होतो. १० मेगाओहमचे दोन रोधक एकसर घेऊन ९ व्होल्टच्या बॅटरीला जोडले आणि त्यांपैकी एकावर १० मेगाओहमचा मीटर लावला, तर वाचन बरोबर ३.०० व्होल्ट येते. त्यात कोठेही अस्थिरता दिसत नाही, तरी ते एक तृतीयांशाने कमी आहे.

अशा वेळी त्याच रोधाचा दुसरा मीटर, किंवा १० मेगाओहमचा रोधक, पहिल्या मीटरला समांतर लावून पाहावा. लोडिंग नसेल तर वाचन हलत नाही. इथे ते ३.०० वरून २.२५ व्होल्टवर येते. एका मीटरचे वाचन V1 आणि दोन सारखे मीटर समांतर असतानाचे वाचन V2 असेल, तर मूळ विभवांतर काढता येते:

V0 = V1 × V2 / (2 × V2 − V1)

आकडे घातले की ६.७५ भागिले १.५, म्हणजे ४.५ व्होल्ट मिळतात. परिपथातल्या रोधांची किंमत माहीत नसली तरी ही रीत चालते, मात्र परिपथ रेषीय हवा आणि मोजमापाच्या वेळात पुरवठा स्थिर हवा. मीटर लावल्याने एखादा ट्रान्झिस्टर चालू अवस्थेतून बंद अवस्थेत जात असेल, तर दोन्ही वाचने दोन वेगळ्या परिपथांची ठरतात आणि सूत्राला अर्थ उरत नाही. तसेच Rs हा Rm पेक्षा खूप मोठा असेल, तर छेदातील वजाबाकीत दोन जवळजवळ सारख्या संख्या येतात आणि वाचनातली लहानशी चूक उत्तरात कितीतरी पटींनी फुगते.

त्या टोकाचे खरेखुरे उदाहरण म्हणजे सामू मोजण्याचा काचेचा इलेक्ट्रोड. त्याच्या पातळ काचेचा रोध १०० मेगाओहमच्या घरात असतो आणि सामू एका एककाने बदलला की २५ अंश सेल्सियसला सुमारे ५९ मिलिव्होल्टचा फरक पडतो. १० मेगाओहमचा मीटर लावला तर त्यातला जेमतेम अकरावा हिस्सा दिसेल. कॅलिफोर्नियातील रसायनशास्त्रज्ञ आर्नल्ड बेकमन यांनी १९३४ मध्ये लिंबाच्या रसाची आम्लता मोजण्यासाठी जे उपकरण तयार केले, त्यात गॅल्व्हनोमीटरऐवजी निर्वात नलिकांचा प्रवर्धक वापरून हीच अडचण दूर केली होती. आजच्या सामूमापकांचा निविष्ट रोध १० लाख मेगाओहमच्या पातळीवर असतो. इतक्या मोठ्या रोधाला केवळ Rm मोजून भागत नाही. प्रवर्धकाच्या निविष्ट अग्रातून झिरपणारी धाराही पाहावी लागते, कारण एका पिकोअँपिअरची धारा १०० मेगाओहममधून गेली तरी ०.१ मिलिव्होल्टची चूक होते.

धारा मुळीच न घेता विभवांतर मोजण्याची जुनी रीत जर्मन भौतिकशास्त्रज्ञ पोगेनडॉर्फ यांनी १८४१ मध्ये मांडली. विभवमापीत अज्ञात विभवांतराच्या विरुद्ध तेवढेच ज्ञात विभवांतर उभे केले जाते आणि गॅल्व्हनोमीटरचा काटा शून्यावर येईपर्यंत सरकता स्पर्श हलवला जातो. समतोलाच्या क्षणी अज्ञात बाजूने धारा घेतली जात नसल्याने Rs कितीही असला तरी वाचन बदलत नाही. मात्र Rs फार मोठा असेल तर समतोल ढळला तरी धारा इतकी क्षीण राहते की काटा हलताना दिसत नाही, त्यामुळे या रीतीलाही गॅल्व्हनोमीटरच्या संवेदनक्षमतेची मर्यादा आहेच.

प्रत्यावर्ती विभवांतरात रोधाबरोबर धारिताही भार टाकते. मीटरच्या वायरींची धारिता १०० पिकोफॅरड धरली तर १० किलोहर्ट्झला ती सुमारे १६० किलोओहमच्या रोधासारखी वागते आणि मीटरवर छापलेले १० मेगाओहम तिथे निरर्थक ठरतात.

घरच्या वायरिंगमध्ये मात्र मीटरचा मोठा रोधच कधीकधी घोटाळा करतो. २३० व्होल्टच्या चालू तारेशेजारून गेलेल्या, दोन्ही टोकांना सुट्या असलेल्या तारेवर १० मेगाओहमचा मीटर बऱ्यापैकी विभवांतर दाखवतो, कारण दोन तारांमधील लहान धारितेतून येणारी सूक्ष्म धारासुद्धा एवढ्या रोधावर दिसण्याजोगे विभवांतर उभे करते. वीजकामाच्या काही मीटरांवर ‘लो-झेड’ नावाची सोय असते. तीत मीटरचा रोध मुद्दाम काही किलोओहमपर्यंत उतरवलेला असतो, त्यामुळे हे आभासी विभवांतर कोसळते आणि खरे तसेच राहते. मोठ्या रोधाच्या इलेक्ट्रॉनिक परिपथावर हीच सोय चुकून चालू राहिली, तर त्रुटी साध्या काट्याच्या मीटरपेक्षाही कितीतरी जास्त येते.