2.4 आणि 3.5 व्होल्टमधली दरी: टीटीएल-सीमॉसची पार्श्वभूमी

सातपूर-अंबडकडच्या कारखान्यांतली जुनी कंट्रोल कार्डं दुरुस्तीला आली, की एकाच बोर्डावर टीटीएल कुटुंबातली 7400 आणि सीमॉस कुटुंबातली सीडी 4011 या चिप शेजारीशेजारी बसलेल्या दिसू शकतात. दोन्ही चार नँड गेटच्या, दोन्ही 14 पायांच्या, सप्लायही दोन्हीला 5 व्होल्टचा. तरी एकीचं आउटपुट दुसरीला थेट जोडलं की कार्ड टेबलावर नीट चालतं आणि पॅनेलमध्ये गेलं की मधूनच चुकतं. ही खोड दोन्ही कुटुंबांच्या जन्मातच आहे.

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने 1964 मध्ये लष्करी 5400 मालिका आणली. पुढे तिचंच स्वस्त प्लास्टिक रूप म्हणजे 7400 घरोघरी पोचलं. टीटीएल गेटच्या इनपुटला ‘लो’ ठेवायचं तर त्यातून बाहेर येणारा 1.6 मिलिअँपिअर करंट कुणीतरी गिळावा लागतो. आउटपुटची गिळण्याची ग्वाही 16 मिलिअँपिअरची, म्हणून फॅन-आऊट, म्हणजे एका आउटपुटवर चालणारे इनपुट, 10. ‘हाय’ला मात्र वरच्या ट्रान्झिस्टरचा आणि त्याच्याखालच्या डायोडचा मिळून सुमारे 1.4 व्होल्टचा ड्रॉप पडतो, त्यामुळे आउटपुट 3.6 च्या पुढे सहसा चढत नाही. डेटाशीट तर 2.4 व्होल्टचीच ग्वाही देते. घेणाऱ्या टीटीएलला 2.0 पुरतात, उरले 0.4 व्होल्ट. खाली 0.4 आणि 0.8 यांच्यातही तेवढंच अंतर. हाच तो प्रसिद्ध 0.4 व्होल्टचा नॉइज मार्जिन.

सीमॉसची कल्पना फ्रँक वॉनलास यांनी फेअरचाइल्डमध्ये 1963 मध्ये मांडली आणि आरसीएने 1968 मध्ये 4000 मालिका बाजारात आणली. इथे वेगाला नव्हे, कमी वीज खाण्याला महत्त्व होतं. इनपुट म्हणजे ऑक्साइडवरचं गेट, त्यात करंट जवळजवळ शून्य. उंबरठा सप्लायच्या निम्म्याजवळ. 5 व्होल्टवर ‘हाय’ला किमान 3.5 लागतात, ‘लो’ 1.5 पर्यंत चालतो. आउटपुट मोकळं असताना थेट 5 आणि 0 ला टेकतं, म्हणून सीमॉस ते सीमॉस मार्जिन ऐसपैस.

आता जोडणीचा हिशोब. 7400 देणार 2.4, सीडी 4011 मागणार 3.5. मार्जिन उणे 1.1 व्होल्ट! टेबलावर चालतं याचं कारण हलक्या लोडवर 7400 चं आउटपुट 3.4 च्या आसपास असतं आणि 4011 प्रत्यक्षात अडीचच्या जवळपास पलटते. म्हणजे आपण ग्वाहीवर नाही, नशिबावर चालत असतो. शेजारी काँटॅक्टर सुटला की ते नशीब संपतं. मल्टिमीटरवर त्या पायाला 3.2-3.4 दिसले की समजावं, इथे पुल-अप रेझिस्टर लावायचा राहून गेला आहे.

उपाय म्हणजे आउटपुट ते 5 व्होल्ट 2.2 किलोओहमचा पुल-अप. त्याची किंमत मात्र मोजून घ्यावी. ‘लो’ला (5 − 0.4) / 2.2 kΩ, म्हणजे 2.1 मिलिअँपिअर तोच खातो. उरलेल्या 13.9 मध्ये 7400 चे दहा नव्हे, आठच इनपुट बसतात. शिवाय शेवटची चढण आता रेझिस्टर करतो. तीन सीमॉस इनपुट आणि तारा मिळून 40 पिकोफॅरड धरले, तर टाइम कॉन्स्टंट 88 नॅनोसेकंद. 7400 चा स्वतःचा डिले 10 च्या आसपास, पण 4011 चा 5 व्होल्टवर 125, त्यामुळे इथे ते खपून जातं.

सीमॉसचा फॅन-आऊट अमर्याद, हे वाक्य परीक्षेपुरतं ठीक आहे. 50 इनपुट प्रत्येकी 5 पिकोफॅरडचे, म्हणजे 250 पिकोफॅरड. ढोबळ 2 मिलिअँपिअरने ते अडीच व्होल्ट चढवायला C·ΔV/I प्रमाणे 310 नॅनोसेकंद लागतात. टीटीएलमध्ये फॅन-आऊट करंटने संपतो, सीमॉसमध्ये तो डिले होऊन बाहेर पडतो.

उलट दिशा जास्त फसवी. 4011 ची ‘लो’ला गिळण्याची ग्वाही 0.51 मिलिअँपिअर, 7400 ला हव्यात 1.6. तो पाय 0.4 वर थांबेलच असं नाही. तिथे 0.8 च्या वर रीडिंग आलं, की गेट खराब नाही, जोडणी चूक आहे. टीटीएलच्याच कमी वीज खाणाऱ्या एलएस मालिकेचा इनपुट 0.4 मिलिअँपिअरचा, त्यामुळे एक एलएस चालतो. खऱ्या 7400 साठी 4049 किंवा 4050 बफर लागतो, तो 3.2 गिळतो, म्हणजे बरोबर दोन इनपुट. (4011 थेट 7400 च्या सॉकेटमध्ये खोचू नये. पाय 3 आणि 11 जुळतात, मधल्या दोन गेटचे जुळत नाहीत, त्यामुळे अर्धं कार्ड चालल्यासारखं वाटतं.)

1980 च्या दशकात 74एचसी आली, तेव्हा सीमॉसचा डिलेही 10 नॅनोसेकंदांच्या घरात आला, पण 3.5 ची मागणी तशीच राहिली. म्हणून तिची बहीण 74एचसीटी. तिचा इनपुट मुद्दाम 2.0 आणि 0.8 वर ओढलेला, पुल-अपशिवाय टीटीएलमागे बसणारा. त्या बदल्यात ‘लो’कडचा ऐसपैस मार्जिन गेला. पॅनेलमध्ये लांब तारेवरून येणाऱ्या सिग्नलसाठी आणि मागे सीमॉसच असेल तेव्हा, साधी एचसीच बरी.