बिलावर २२ कॅरेट, तपासणीत २१ : सराफाला पत्र कसं लिहायचं, सोबत काय जोडायचं

वहिनीनं सप्टेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या इतवारीतल्या सराफ्यातल्या एका दुकानातून गोफ घेतला. निव्वळ वजन २० ग्रॅम, बिलावर ‘२२ कॅरेट ९१६’, भाव ग्रॅमला ६,८७०. पुढे दुसऱ्या दुकानात तो मोडायला नेला तेव्हा तिथल्या कॅरेटमीटरवर, म्हणजे शुद्धता मोजणाऱ्या क्ष-किरण यंत्रावर, आकडा आला ८७५. म्हणजे बरोबर २१ कॅरेट. हॉलमार्कच्या दर्जांमध्ये २१ कॅरेट असा दर्जाच नाही, २२ च्या खाली थेट २० येतो. त्यामुळे ‘चुकून दुसऱ्या दर्जाचा शिक्का बसला’ हे कारण इथं चालत नाही.

वहिनी तेव्हाच भांडायला निघाली होती. मी म्हटलं, थांब. दुकानातल्या कॅरेटमीटरच्या आकड्यावर पत्र लिहायचं नाही. ज्या दुकानाला तुमचं सोनं कमी भावात घ्यायचंय त्याचंच ते यंत्र असतं, आणि समोरचा सराफ पहिलं वाक्य हेच बोलणार.

आधी तीन गोष्टी पाहा

दागिन्यावर तीन खुणा हव्यात: भारतीय मानक ब्युरो म्हणजे बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्क सक्तीच्या जिल्ह्यांत एचयूआयडीशिवाय हॉलमार्कचा दागिना विकता येत नाही, आणि नागपूर त्या जिल्ह्यांत आहे. भिंग घेऊन तो क्रमांक टिपा आणि ‘बीआयएस केअर’ ॲपमध्ये टाका. दागिन्याचा प्रकार, शुद्धता, हॉलमार्क कोणत्या केंद्रानं केला आणि कोणत्या सराफाच्या नावावर केला, हे समोर येतं. वहिनीच्या गोफावर दिसलेलं नाव बिलावरच्या दुकानाचं नव्हतंच, घाऊक माल बनवणाऱ्याचं होतं. असं बरेचदा असतं. तुमचा व्यवहार बिल देणाऱ्याशी झालाय, म्हणून पत्र त्यालाच जातं. दुसरं नाव फक्त पत्रात नमूद करायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे बिल. त्यावर दागिन्याचं वर्णन, निव्वळ वजन, शुद्धता आणि हॉलमार्क शुल्क वेगळं लिहिलेलं असायला हवं. ‘कच्च्या’ चिठ्ठीवर घेतलं असेल तर हा रस्ता फार अवघड होतो, हे उघड सांगतो.

तिसरी गोष्ट, दागिना सूटमध्ये बसतो का. दोन ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे, तसेच कुंदन, पोलकी, जडाऊ दागिने हॉलमार्क सक्तीतून वगळलेले आहेत. त्यांच्यावर हॉलमार्क नसेल तर खालचा दुप्पट भरपाईचा नियम लागत नाही. बिलावर मात्र कॅरेट लिहिलं असेल तर त्याच्या आधारावर ग्राहक म्हणून तक्रार करता येते.

तपासणी

बीआयएसमान्य हॉलमार्किंग केंद्रात सामान्य ग्राहकालाही दागिना तपासून मिळतो. चार नगांपर्यंत २०० रुपये, वर कर. शक्यतो ज्या केंद्रानं मूळ शिक्का मारला ते सोडून दुसरं घ्या. अहवालावर एचयूआयडी, वजन आणि आकडे कुठकुठून घेतले हे लिहून मागा.

हे महत्त्वाचं, कारण क्ष-किरणाचं यंत्र फक्त पृष्ठभाग वाचतं. सांध्याला वापरलेल्या डाखेवर ते टेकवलं तर आकडा पडणारच. वहिनीच्या गोफाला साखळीवर तीन ठिकाणी ८७६, ८७४, ८७५ आले आणि फाशाजवळ ८६१. आम्ही फाशाचा आकडा पत्रात धरलाच नाही. ‘डाखेवर मोजलं’ म्हणायची जागा सराफाला ठेवली नाही. आणि अहवालात ९१३-९१४ असा काही आकडा असेल तर पत्र लिहू नका. प्रमाणात कमीची सवलत नसली, तरी यंत्राच्या वाचनात तेवढा फरक पडू शकतो.

पक्का निकाल देणारी चाचणी म्हणजे आगीवरची. त्यात दागिन्याचा तुकडा कापावा लागतो. ती एकट्यानं करून घेऊ नका. दोन्ही बाजू हजर असतानाच होऊ द्या.

किती मागायचं

बीआयएस नियम २०१८ चा नियम ४९ सांगतो: हॉलमार्कच्या दागिन्यात शिक्क्यापेक्षा शुद्धता कमी निघाली, तर विकलेल्या वजनावर त्या कमतरतेची जी रक्कम होते तिच्या दुप्पट भरपाई आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळावा.

आमचा हिशेब असा. ९१६ मधून ८७५ वजा, कमी ४१, म्हणजे हजारात ४१ भाग. २० ग्रॅममध्ये ते ०.८२ ग्रॅम शुद्ध सोनं. बिलाचा २२ कॅरेटचा भाव ६,८७० भागिले ०.९१६ केला की शुद्ध सोन्याचा भाव ७,५०० येतो. ०.८२ गुणिले ७,५०० म्हणजे ६,१५०. दुप्पट १२,३००. तपासणीचे करासह २३६ मिळवून १२,५३६ रुपये. हा हिशेब पत्रात असाच ओळीओळीनं लिहा. नुसता आकडा मागितला की घासाघीस सुरू होते.

पत्राचा मजकूर

*प्रति, मालक, (दुकानाचं नाव व पत्ता), नागपूर.*
*विषय : बिल क्र. … दि. … मधील गोफाची शुद्धता कमी आढळल्याबाबत.*

*महोदय,*
*वरील बिलानुसार मी आपल्याकडून २०.००० ग्रॅम निव्वळ वजनाचा गोफ २२ कॅरेट (९१६) म्हणून खरेदी केला. त्यावर एचयूआयडी … आहे. दि. … रोजी बीआयएसमान्य केंद्रात केलेल्या तपासणीत साखळीवर तीन ठिकाणी शुद्धता ८७४ ते ८७६ आढळली. अहवालाची प्रत सोबत आहे.*
*नियम ४९ नुसार रु. १२,५३६ भरपाई मला देय आहे (हिशेब सोबत). निष्कर्ष मान्य नसल्यास दोन्ही पक्षांच्या उपस्थितीत, दोघांना मान्य अशा केंद्रात फेरतपासणीस मी तयार आहे. दागिना मी माझ्याच ताब्यात ठेवत आहे.*
*पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत लेखी उत्तर द्यावे, अन्यथा बीआयएस व जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करावी लागेल.*

सोबत बिलाची प्रत, अहवालाची प्रत, खुणांचे जवळून काढलेले फोटो, ॲपवरच्या माहितीचा स्क्रीनशॉट आणि तपासणीची पावती. मूळ कागद एकही द्यायचा नाही. पोचपावतीसह स्पीड पोस्टनं पाठवा, आणि दुकानात नेऊन दिलंत तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घ्या.

‘दागिना माझ्याच ताब्यात’ हे वाक्य मी मुद्दाम घातलं. वहिनी पत्र द्यायला गेली तेव्हा काउंटरवरचा माणूस गोड बोलला, “असं काऊन करता ताई, ठेवून जा, संध्याकाळी बघून देतो.” ठेवला असता तर संध्याकाळी तोच गोफ परत आला की दुसरा, हे सिद्ध करायला हाती काही उरलं नसतं. बदलून द्यायची तयारी दाखवली तरी आधी लेखी घ्या, मग दागिना सोडा. आणि निकाल लागेपर्यंत तो वितळवू नका, पॉलिशलाही देऊ नका.

पंधरा दिवसांत उत्तर नाही आलं तर

बीआयएसकडे तक्रार त्याच ॲपवरून होते, शिवाय त्यांची शाखा नागपुरातच आहे. सोबत १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करा. जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून जाता येतं. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची. ती खरेदीपासूनच मोजा, म्हणजे धोका नको. आयोग गरज वाटल्यास दागिना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवतो. तिथली फी आधी तक्रारदाराला भरावी लागते.

वहिनीच्या पत्राला अकराव्या दिवशी फोन आला. दुकानदार म्हणाला, फेरतपासणी करू. ठरलेल्या केंद्रात तिघं समोर बसले, साखळीवर पुन्हा ८७५ आलं. त्यानं १२,५३६ चा धनादेश दिला आणि गोफ परत घेऊन दुसरा द्यायची तयारी दाखवली. वहिनीनं धनादेश घेतला, गोफ मात्र स्वतःकडेच ठेवला.