तीन अटी घट्ट बसल्या, तरी तो कोपरा असेलच असं नाही

रेषीय नियोजनाच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य हमखास भेटतं: ‘तीन चलं आहेत, तीन अटी अॅक्टिव्ह आहेत, म्हणून हा बिंदू बेसिक फीजिबल सोल्यूशन आहे.’ पहिले दोन तुकडे बरोबर असतात. गोची त्या ‘म्हणून’मध्ये आहे. बेसिक फीजिबल सोल्यूशन म्हणजे फीजिबल भागाचा कोपरा, आणि तो नुसत्या मोजणीने ठरत नाही.

‘फीजिबल’चा अर्थ तुम्हाला येतोच: बिंदूने सगळ्या अटी पाळल्या पाहिजेत. अॅक्टिव्ह अट म्हणजे जिथे बिंदू घातल्यावर डावी-उजवी बाजू अगदी समान येते ती. इथवर कोणी फारसं चुकत नाही. फक्त `x ≥ 0` सारख्या अटीही अटीच असतात, त्या मोजायला विसरू नका. खरा घोळ पुढे होतो. अॅक्टिव्ह अटी किती, हा एक प्रश्न. त्यातल्या एकमेकींपासून रेषीयदृष्ट्या स्वतंत्र किती, हा दुसरा. आपल्याला दुसऱ्याचं उत्तर n, म्हणजे चलांच्या संख्येइतकं, हवं असतं, आणि लोक पहिल्याचं लिहून मोकळे होतात.

हे उदाहरण घ्या.

```
(1) x + y + z ≤ 6
(2) x + y − z ≤ 2
(3) x + y     ≤ 4
    x, y, z ≥ 0
```

बिंदू `(1, 3, 2)`. पहिल्या अटीत 6, दुसरीत 2, तिसरीत 4. तिन्ही घट्ट. चलं तीन, अॅक्टिव्ह अटी तीन, फीजिबलही आहे. तरीही हा कोपरा नाही.

कारण तिसरी अट नवीन काही सांगतच नाही. पहिल्या दोन अटींची बेरीज करून निम्मं करा, तिसरी हातात येते. त्यामुळे पहिल्या दोन घट्ट झाल्या की तिसरी आपोआप घट्ट होते. सहगुणकांच्या ओळी मांडा: `(1, 1, 1)`, `(1, 1, −1)`, `(1, 1, 0)`. पहिले दोन स्तंभ सारखेच आहेत, म्हणजे डिटरमिनंट शून्य आणि रँक 2. उजवीकडचे 6, 2, 4 या हिशेबात येतच नाहीत. तेही मॅट्रिक्समध्ये कोंबणारे महाभाग दरवर्षी असतात.

रँकवर भरवसा बसत नसेल तर बिंदू हलवून पाहा. x एकाने वाढवा, y एकाने कमी करा: `(2, 2, 2)`. उलटं केलं तर `(0, 4, 2)`. दोन्ही फीजिबल, आणि `(1, 3, 2)` त्यांच्या बरोबर मध्ये. दोन फीजिबल बिंदूंच्या मधोमध बसलेला बिंदू कोपरा कसा असेल? तो कडेवर आहे.

आता त्याच कडेचं टोक, `(0, 4, 2)`, तपासा. इथे त्या तीन अटी घट्ट आहेतच, शिवाय `x ≥ 0` ही चौथी. आता काही जण उलट्या बाजूने घसरतात: ‘तीनच हव्या होत्या, चार निघाल्या, म्हणून नाही.’ चार असोत की चाळीस, त्यांत तीन स्वतंत्र सापडल्या की काम झालं. (1), (2) आणि `x = 0` घ्या; ओळी `(1, 1, 1)`, `(1, 1, −1)`, `(1, 0, 0)`, डिटरमिनंट −2. बिंदू बेसिक फीजिबल आहे. जास्तीची घट्ट अट एवढंच सांगते की तो डीजनरेट आहे. ‘बरोबर n अॅक्टिव्ह अटी’ असं शिकवणाऱ्या नोट्स मी तर सरळ बाजूला ठेवायला सांगतो.

‘आम्ही स्टँडर्ड फॉर्ममध्ये शून्यं मोजतो, आमचं असं होत नाही,’ असं कुणी म्हटलं की मी हेच उदाहरण पुढे करतो. स्लॅक s1, s2, s3 घातले की सहा चलं, तीन समीकरणं; म्हणजे किमान 6 − 3 = 3 शून्यं हवीत. आपला पहिला बिंदू `(1, 3, 2, 0, 0, 0)` होतो. शून्यं तीन, शून्येतर तीन. आकडेमोड झकास जुळली, उत्तर चुकलं! शून्येतर चलांचे स्तंभ बघा: x चा `(1, 1, 1)` आणि y चाही `(1, 1, 1)`. ते स्वतंत्र नाहीत, म्हणून त्यांचा बेसिस होत नाही. `(0, 4, 2, 0, 0, 0)` मध्ये शून्येतर चलं दोनच, y आणि z. त्यांचे स्तंभ `(1, 1, 1)` आणि `(1, −1, 0)` स्वतंत्र आहेत. तिसरा स्तंभ s1 चा जोडला की बेसिस पूर्ण होतो, s1 ची किंमत शून्य असली तरी.

आणखी एक खोड: समीकरण `≤` आणि `≥` अशा दोन अटींत फोडून लिहायचं आणि मोजताना दोन धरायच्या. दोन्ही कायम घट्ट असतात हे खरं, पण एकीची ओळ दुसरीची उणे प्रत असते. रँकमध्ये त्या दोघी मिळून एकच.