गोळीला व्हिनेगरचा वास का येतो?

नाशिकच्या एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकला की औषधं उन्हापासून जपायची हे बहुतेकांना सुचतं. खिडकीतली बाटली आत येते, मेडिकलमधून आणलेली पिशवी गाडीच्या डिकीत विसरली तर जीव हळहळतो. ही काळजी योग्यच आहे, कारण तापमान दहा अंशांनी वाढलं की औषध बिघडण्याचा वेग साधारण दुप्पट-तिप्पट होतो. पण मला जास्त काळजी वाटते ती त्यानंतरच्या महिन्यांची. जून ते सप्टेंबर हवा गार असते, म्हणून औषधं सुरक्षित आहेत असं वाटतं, आणि नेमकं तेव्हाच त्यांना पाणी लागतं. अंगावर सांडलेलं नव्हे, हवेतलं.

अ‍ॅस्पिरिनचं उदाहरण घेऊ. हृदयविकार होऊन गेलेल्या किंवा स्टेंट बसवलेल्या कितीतरी लोकांना ७५ मिलीग्रॅमची गोळी रोज घ्यावी लागते, त्यामुळे ती घराघरात असते. अ‍ॅस्पिरिनच्या रेणूला एक छोटा तुकडा जोडलेला असतो, त्याला अ‍ॅसिटिल गट म्हणतात. पाण्याचा रेणू भेटला की हा तुकडा सुटतो. मागे उरतं सॅलिसिलिक आम्ल, आणि सुटलेल्या तुकड्याचं होतं अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. डबी उघडताच आंबूस वास येतो तो याचा.

यासाठी पाणी किती लागतं? ७५ मिलीग्रॅम अ‍ॅस्पिरिन पूर्ण फुटायला फक्त साडेसात मिलीग्रॅम पाणी पुरतं, म्हणजे एका थेंबाचा साधारण सातवा हिस्सा. पावसाळ्यात खोलीत ३० अंश तापमान आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर एक लिटर हवेत सुमारे २४ मिलीग्रॅम वाफ असते. म्हणजे एका गोळीची वाट लावायला पुरेल एवढं पाणी पाण्याच्या छोट्या बाटलीत मावेल एवढ्या हवेतच आहे. गोळी ते एका दिवसात शोषत नाही, हळूहळू ओढते. शिवाय तयार झालेलं आम्ल पुढचं फुटणं आणखी सोपं करतं. त्यामुळे एकदा सुरुवात झाली की बिघाड वेग घेतो.

वास येतो म्हणून गोळी नुसती ‘थोडी जुनी’ झाली असं समजू नका. रक्तातल्या प्लेटलेट्सना एकमेकींना चिकटू न देण्याचं काम अ‍ॅस्पिरिन त्या अ‍ॅसिटिल गटाच्या जोरावरच करतं. तो सुटून गेला की उरलेलं सॅलिसिलिक आम्ल हे काम करू शकत नाही, वर पोटाला त्रास देतं. म्हणजे नाकाला जाणवतो तो वास औषधाच्या कामाच्या भागाचाच. गोळीवर किंवा डबीच्या आत सुईसारखे बारीक पांढरे स्फटिक दिसले, आवरणाला तडे गेले, गोळ्या एकमेकींना चिकटल्या, तर शंकेला जागा उरली नाही. अशा गोळ्या टाकाव्यात आणि त्याच दिवशी नवीन आणाव्यात. मध्ये एकही दिवस खाडा करू नये, कारण स्टेंटच्या रुग्णाला तो महागात पडू शकतो.

आता पंचवटीतल्या जुन्या घरातली एक कल्पित सासूबाई घेऊ. भिंतीला ओल येते, स्वयंपाकघरात दिवसभर काहीतरी उकळत असतं. सुनेने सोय म्हणून महिन्याभराच्या सगळ्या गोळ्या पाकिटातून काढून प्लास्टिकच्या डबीत भरल्या आणि डबी ओट्यावरच्या फळीवर ठेवली. हेतू चांगलाच, पण कारखान्याने गोळीभोवती घातलेला कोट तिने काढून घेतला. दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम असलेल्या स्ट्रिपमधून वाफ जवळजवळ आत जात नाही. एका बाजूला पारदर्शक प्लास्टिक असलेल्या पाकिटातून ती थोडी झिरपते. ओट्यावरच्या डबीचं झाकण मात्र दिवसातून तीनदा उघडतं आणि दर वेळी आत नवी दमट हवा जाते. उपाय सोपा आहे. गोळ्या स्ट्रिपमध्येच ठेवायच्या, घेताना एकेक फोडायची. आठवड्याच्या कप्प्यांची डबी लागत असेल तर पावसाळ्यात तिच्यात दोन-तीन दिवसांच्याच भराव्यात. मेडिकलवाला स्ट्रिप कापून देतो तेव्हा कात्री गोळीच्या खळग्याला लागली नाही ना ते पाहावं, आणि मुदतीची तारीख असलेला तुकडा आपल्याकडे येईल असं त्याला सांगावं.

वासाची ही खूण अ‍ॅस्पिरिनपुरतीच आहे. रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या बऱ्याच गोळ्या कसलीही वर्दी न देता कमकुवत होतात. डाग, फुगवटा, भुगा, मऊपणा दिसला तर गोळी नक्की टाकावी, पण काही दिसत नाही म्हणून ती चांगली असं म्हणता येत नाही. तिथे जपून ठेवणं हाच एक भरवसा.

मग फ्रिजमध्ये ठेवावं का? लेबलवर लिहिलं नसेल तर नको. ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेच्या हवेत २६ अंशांपेक्षा थंड असलेल्या कशावरही दव धरतं. फ्रिजमधून पाच अंशांची स्ट्रिप किंवा डबी काढली की ती लगेच ओली होते, आणि डबी उघडी असेल तर गोळ्याही. कूलर चालू असलेली खोली आणि माठाशेजारचा कोनाडा गार वाटतात, पण तिथली हवा पाण्याने भरलेली असते. आतल्या खोलीतलं, बाहेरच्या भिंतीला न टेकलेलं कपाट आणि त्यात घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, एवढं पुरे. बाटलीत सिलिका जेलची पुडी असेल तर ती तशीच राहू द्यावी. कापसाचा बोळा मात्र बाटली उघडल्यावर काढून टाकावा, तो ओल धरून ठेवतो.

सिरपमध्ये पाणी आधीपासूनच असतं, तरी ते टिकतं कारण दाट साखरेच्या पाकात जंतूंना वापरायला पाणी मोकळं मिळत नाही. बिघाड सुरू होतो तो वरच्या थरात. ओला चमचा किंवा धुऊन न पुसलेलं माप बाटलीला लागलं की तेवढा पाक पातळ होतो आणि तिथे बुरशी धरते. तरंगणारे धागे, झाकण उघडताना सुटणारा वायू, आंबट वास, पूर्वी नसलेला गढूळपणा या खुणा दिसल्या की बाटली संपली. तळाशी साका बसणाऱ्या औषधात गढूळपणा मूळचाच असतो. तिथे पाहायचं ते वेगळं: जोरात हलवूनही साका मिसळत नसेल तर सुरुवातीचे डोस पातळ आणि शेवटचे जड पडतात, आणि लहान मुलाच्या बाबतीत हा फरक गंभीर आहे.

मुलांची बरीच अँटिबायोटिक्स कोरड्या भुकटीच्या रूपात येतात, याचंही कारण पाणीच. पाण्यात मिसळलं की अमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक आम्लाचं मिश्रण दिवसागणिक फुटू लागतं. म्हणून ते फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्यात नव्हे, ठेवून साधारण सात दिवसांतच वापरायचं असतं; नेमका काळ लेबलवर असतो. आणतानाच बाटली हलवून पाहा. भुकटी मोकळी सरकायला हवी. गठ्ठा झालेली किंवा पिवळी-तपकिरी पडलेली भुकटी दुकानातच परत करावी. उकळून पूर्ण गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालून हलवा, फेस बसल्यावर पातळी पुन्हा पाहा, आणि मिसळल्याची तारीख पेनाने बाटलीवर लिहा. उरलेलं औषध पुढच्या तापासाठी ठेवू नका. ते मोरीत किंवा गोदावरीत ओतण्याऐवजी बाटली घट्ट बंद करून घंटागाडीवाल्याकडे वेगळ्या पिशवीत, वर ‘खराब औषधं’ असं लिहून द्या.