रक्ताची उलटी आणि ‘पोटातली गर्मी’

“लिव्हरच्या पेशंटला रक्ताची उलटी झाली म्हणजे पोटात गर्मी चढली. ताक, गुलकंद द्या, बसते.”

आपल्याकडचा उन्हाळा पाहता लोकांचं हे म्हणणं पटतं. पण अशी उलटी पोळ्याच्या झडीतही होते.

सिरोसिसमध्ये लिव्हर कडक होतं, आतड्यांकडून येणारं रक्त त्यातून नीट पुढे सरकत नाही. पाट तुंबला की पाणी धुऱ्यावरून वाट काढतं, तसं ते अन्ननलिकेच्या शिरांमध्ये शिरतं. शिरा फुगतात, त्यांची भिंत पातळ होते आणि दाब वाढला की फुटतात. आधी दुखत काहीच नाही, म्हणून कळण्याचा खात्रीचा मार्ग एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून आत पाहणं.

शिरा मोठ्या दिसल्या तर प्रोप्रॅनोलॉलसारखी गोळी देतात. “बीपी नाही, मग बीपीची गोळी कशाला?” म्हणत बरेच जण ती सोडतात. ती इथे शिरांमधला दाब उतरवायला असते. समजा, यवतमाळकडच्या एखाद्या शेतकऱ्याची नाडी या गोळीने ८४ ची ५८ झाली, तर डोस साधारण जमला. वरचं बीपी ९० खाली गेलं तर मात्र डॉक्टरांना लगेच सांगायचं. दमेकऱ्याला ही गोळी चालत नाही. त्याच्या शिरांवर एंडोस्कोपीतूनच रबरी बँड बसवतात, शिरा मिटेपर्यंत काही आठवड्यांच्या अंतराने.

रक्ताची उलटी किंवा काळी, चिकट संडास झाली तर तोंडाने काही न देता १०८ ला फोन करा.