सरासरीचा लॉग की लॉगची सरासरी?

सरासरीची स्टँडर्ड एरर म्हणजे σ/√n, हे सगळ्यांना पाठ असतं, त्यात वेळ घालवत नाही. गाडी अडकते ती पुढे. एकानं आधी सरासरी काढून तिचा लॉग घेतला, दुसऱ्यानं आधी प्रत्येक आकड्याचा लॉग घेऊन त्यांची सरासरी काढली, आणि दोघंही खाली बिनधास्त लिहितात, ‘डेल्टा मेथड वापरली’. हे वाचून वाचून डोकं उठलंय.

नागपूरकडच्या एका संत्र्याच्या बागेचा हिशोब करू. आकडे मानलेले आहेत. आंबिया बहाराच्या 100 झाडांची फळं तोडून झाडागणिक वजन केलं. सरासरी 40 किलो, स्टँडर्ड डेव्हिएशन 20. डेल्टा मेथडचं सूत्र असं:

Var[g(X̄)] ≈ [g′(μ)]² · σ²/n

लॉगचा डेरिव्हेटिव्ह 1/μ, म्हणून व्हेरियन्स 400/(100 × 1600) = 0.0025 आणि स्टँडर्ड एरर 0.05. परत किलोत आणलं की 95 टक्क्यांचा अंतराल साधारण 36.3 ते 44.1.

आता दुसरा रस्ता. झाडांची वजनं लॉगनॉर्मल धरली तर एका झाडाच्या लॉगचा व्हेरियन्स ln(1.25), म्हणजे 0.223. 100 झाडांच्या लॉगच्या सरासरीची स्टँडर्ड एरर 0.047. घोळ पचतो तो इथेच: 0.05 आणि 0.047 शेजारी ठेवले की ‘एकच तर आहे’ असं वाटतं. पण या रस्त्यानं किलोत परत आलात की 40 मिळत नाही, 35.8 च्या आसपास मिळतं, आणि अंतराल 32.6 ते 39.2. खरी सरासरी 40 असेल, तर ती त्यात बसतच नाही! रुंदी जवळपास तीच, मध्यच सरकलेला. 35.8 हे मधल्या झाडाचं वजन. झाडावरच बाग विकत घेणाऱ्या व्यापाऱ्याला मधलं झाड घेऊन काय करायचंय? हजार झाडांचा माल 40,000 किलो, 35.8 धरलं तर चार हजारांवर किलो कागदावरून गायब.

डेल्टा मेथड पहिल्या रस्त्यावर चालते, कारण 100 झाडांची सरासरी 40 च्या आजूबाजूला चारेक किलोच हलते. तेवढ्या तुकड्यात लॉगची रेघ जवळपास सरळच असते. एकेक झाड मात्र 10 किलोचंही निघतं आणि 100 चंही, तिथे रेघ चांगलीच वाकते. त्यामुळे हेच सूत्र n = 1 टाकून एका झाडाला लावलं की 0.223 ऐवजी 0.25 येतं. n विसरणाऱ्यांच्या हातूनही नेमकं हेच होतं.

आणखी एक. μ वर g′ शून्य असेल, उदाहरणार्थ सरासरी शून्य आणि तिचा वर्ग, तर सूत्र व्हेरियन्स शून्य सांगतं. तिथे दुसऱ्या डेरिव्हेटिव्हकडे जावंच लागतं.

माझं मत ठाम आहे: प्रश्न एकूण मालाचा असेल तर आधी सरासरी, मग लॉग. दुसऱ्याचं गणित तपासताना शेवटचा आकडा exp करून साध्या सरासरीशी ताडून बघा. जुळला नाही, तर लॉग आधी घेतलाय.