अल्बमचा रंग पांढऱ्या शर्टाला विचारा

माझ्याकडे २०१३ सालच्या एका प्रवासाचा छापील अल्बम आहे. त्यातला प्रत्येक फोटो मी मोठ्या हौसेने रंगवला होता. काळ्या सावल्या उचलून राखाडी केल्या आणि पांढऱ्यात पिवळी झाक भरली. तेव्हा ते फार सुंदर वाटलं. आज पहिलं पान उघडलं की डोंगर आठवायच्या आधी ते साल आठवतं. मावशीचे पांढरेशुभ्र केस त्यात हळद लावल्यासारखे दिसतात, आणि ते मला खरंच लागतं, कारण ते केस तसे नव्हते.

ही झाक आली कुठून? रंगीत छायाचित्राच्या कागदावर हिरवट निळा सायन, किरमिजी मॅजेंटा आणि पिवळा असे रंगद्रव्यांचे तीन थर असतात. १९६०-७० च्या दशकांतल्या बऱ्याच कागदांवर यातलं सायन कच्चं होतं. बंद अल्बमच्या अंधारातही ते वर्षानुवर्षं उडत गेलं आणि फोटो लालसर पडले, काळा रंग विटला. २०१० मध्ये इन्स्टाग्राम आलं आणि जुन्या फिल्मची आठवण करून देणारे फिल्टर घरोघरी पोचले. म्हणजे माझ्या अल्बममधला रंग त्या डोंगरातल्या उजेडाचा नव्हताच. एका रसायनाच्या झिजेची ती नक्कल होती, आणि नकलेची लाट ओसरली की फोटोही तिच्याबरोबर जुना होतो.

जो रंग त्या क्षणाच्या उजेडात आधीच होता तो थोडा राखला, तर फोटो असा शिळा होत नाही. हे ‘थोडं’ म्हणजे किती, ते मोजता येतं.

उजेडाचा रंग केल्व्हिनमध्ये सांगतात. मेणबत्ती साधारण १९०० केल्व्हिन, जुना तारेचा दिवा २८००, दुपारचं ऊन ५५००, आणि ढगाळ दिवस किंवा गर्द सावली ६५०० च्या पुढे. आकडा जितका मोठा तितका उजेड निळा. आपल्या डोळ्यांना हा फरक सहसा जाणवत नाही, कारण ते त्या त्या उजेडाला सरावतात आणि पांढरा शर्ट सगळीकडे पांढराच दिसतो. कॅमेऱ्यात हे काम व्हाइट बॅलन्स करतो. एडिटिंगच्या अॅपमध्ये मात्र स्लायडर उलटा वाटतो, आकडा वाढवला की फोटो उबदार होतो. आपण अॅपला सांगत असतो की ‘तिथला उजेड इतका निळा होता’, आणि ते तेवढा पिवळा घालून भरपाई करतं.

आता एकाच प्रवासातले दोन फोटो घेऊ. पहिला सूर्यास्ताचा, शर्टावर तिरपं ऊन पडलंय. अॅपमधला ड्रॉपर जिथे टेकवाल ती जागा पांढरी धरून आकडा काढतो; त्याने शर्टावर टिचकी मारली तर अॅप ४००० च्या आसपास आकडा देतं. शर्ट पांढरा होतो, पण संध्याकाळच निघून जाते. तोच फोटो दुपारच्या ५५०० वर ठेवला तर शर्ट नारिंगी होतो, कारण तिथे डोळ्याचा सराव अजिबात धरलेलाच नाही. खरी आठवण या दोघांच्या मध्ये कुठेतरी असते, म्हणून मी ४६०० च्या जवळ थांबतो.

दुसरा फोटो धुक्यातल्या सकाळचा. ड्रॉपर सांगतो ७०००, आणि ५५०० वर सगळं निळं पडतं. इथला मध्य ६२०० च्या आसपास येतो. नियम एकच, तरी संध्याकाळ उबदार झाली आणि सकाळ थंड राहिली. दुपारच्या फोटोत ड्रॉपरचाच आकडा ५५०० च्या जवळ येतो, तिथे मी काही करत नाही. सगळ्या अल्बमवर एकच प्रीसेट, म्हणजे तयार रंगांचा साचा, फिरवलं असतं तर दुपारच्या वाळूवर खोटी संध्याकाळ पसरली असती.

दिव्याखालच्या फोटोंना हा अर्धा वाटा फार होतो. केल्व्हिनचे आकडे डोळ्याच्या मापाने सारखे सरकत नाहीत. २८०० वरून ३२०० वर जाणं आणि ५५०० वरून थेट ७३०० वर जाणं, दोन्हींत झाकेचा फरक जवळपास सारखाच असतो. म्हणून दिव्याखाली ड्रॉपरच्या आकड्यापुढे तीन-चारशेच. आणि हे सगळं रॉ फाइलवर, म्हणजे कॅमेऱ्याने रंग पक्के न केलेल्या मूळ फाइलवर. जेपेगमध्ये व्हाइट बॅलन्स आधीच मुरलेला असतो, तो फार ओढला की रंग फाटतात.

मंद, दबलेल्या रंगांचं गणित वेगळं आहे. धुक्यातले थेंब उजेड चहूकडे विखुरतात आणि तो विखुरलेला उजेड आपल्या व समोरच्या झाडाच्या मध्ये भरून राहतो. त्यामुळे लांबचा काळा खरोखरच राखाडी होतो आणि हिरवा फिका पडतो. तिथे दबलेले रंग प्रामाणिक आहेत. पण जवळचा बूट किंवा ओली फांदी गडदच असते, ती गडदच ठेवावी. एवढा एक काळा ठिपका शाबूत असला की फोटो धुक्यातला वाटतो, नाहीतर धुवून काढल्यासारखा. सगळी सॅच्युरेशन उतरवण्यापेक्षा मी फक्त हिरवा आणि निळा थोडा उतरवतो, म्हणजे चेहरे वाचतात.

चेहऱ्यांबाबत मी फार कडक आहे. माणसाच्या कातडीचा रंग मुख्यतः मेलॅनिन आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनमुळे येतो. त्यामुळे गोऱ्यापासून गडद सावळ्यापर्यंत उजळपणा कितीही बदलला तरी छटा लाल आणि पिवळ्याच्या मधल्या अरुंद पट्ट्यातच राहते. थंड ग्रेडिंगने चेहरा त्या पट्ट्याबाहेर गेला की माणूस लगेच आजारी दिसतो. म्हणून निळा घालायचाच तर फक्त सावल्यांत घालावा.

छापताना आणखी एक अडचण येते. स्क्रीनवर फोटोभोवती काळं असतं, त्यामुळे पिवळट पांढराही डोळा पांढरा म्हणून चालवून घेतो. अल्बममध्ये त्याच फोटोला कागदाची पांढरी किनार असते, आणि तिच्या शेजारी झाक उघडी पडते. मॅट कागदाचा काळा मुळातच चकचकीत कागदाइतका गडद नसतो. त्यावर उचललेल्या सावल्या छापल्या की सगळं गढूळ होतं. म्हणून मी एडिट करतानाच अॅपमधली फोटोभोवतीची जागा पांढरी ठेवतो आणि रात्री स्क्रीन पिवळी करणारा मोड बंद करतो. तासाभराने डोळे नव्या झाकेलाही सरावतात, म्हणून शेवटचा निर्णय दुसऱ्या दिवशी सकाळी, सगळे फोटो छोटे करून एकाच पानावर बघून. जो एकटा उठून दिसतो, तो बहुधा जास्त रंगलेला असतो.

२०१३ च्या त्या रॉ फाइल्स माझ्याकडे होत्या. गेल्या महिन्यात मावशीचा फोटो पुन्हा उघडला आणि ड्रॉपर तिच्या केसांवर सावलीतल्या बाजूला ठेवला. केस पांढरे झाले. मग आकडा थोडा खाली आणला, आणि उन्हाची बारीक सोनेरी कड फक्त ऊन पडत होतं त्या बाजूला उरली.